बिलावरची कोणती तारीख धरायची? फोनच्या विम्याचं अपील

वाचकाचं पत्र

मी साताऱ्यात राहतो. ३ ऑगस्टला ऑनलाइन फोन मागवला, तो ९ तारखेला हातात आला. ११ तारखेला त्याचा एक वर्षाचा विमा काढला. १,२९९ रुपये भरले. स्क्रीन फुटली तरी भरपाई मिळेल असं त्यात होतं. नोव्हेंबरमध्ये गाडीवरून उतरताना फोन खिशातून पडला आणि काच तडकली. टच चालतो, पण वरच्या डाव्या कोपऱ्यात दाबलं तर कधी लागतं, कधी नाही. सर्व्हिस सेंटरने ११,८०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. क्लेम टाकला तर ९ डिसेंबरला मेसेज आला: ‘खरेदीपासून ७ दिवसांत विमा घेतलेला नाही, तसेच नुकसान कॉस्मेटिक आहे, क्लेम नामंजूर.’ हेल्पलाइनवाले तोच मेसेज वाचून दाखवतात. अपील करता येतं का, की पैसे गेले समजायचे? बिल, पॉलिसी, फोटो सगळं जोडलं आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर

अपील करता येतं, आणि तुमचे कागद पाहिल्यावर मी म्हणेन की कराच. नामंजुरीचं पहिलं कारण तुमच्या बिलासमोर टिकत नाही. दुसऱ्या कारणासाठी सर्व्हिस सेंटरला एक चक्कर मारावी लागेल.

तारखेपासून सुरुवात करू, कारण तिथेच गफलत झाली आहे. तुमच्या बिलावर दोन तारखा छापलेल्या आहेत. वर ठळक अक्षरांत ‘ऑर्डर दिनांक ३ ऑगस्ट’ आणि खाली उजवीकडे, बिल क्रमांकाशेजारी, ‘बिल दिनांक ६ ऑगस्ट’. ऑनलाइन खरेदीच्या बहुतेक बिलांवर अशा दोन तारखा असतात, कारण आपण पैसे भरतो त्या दिवशी बिल फाडलं जात नाही. विक्रेत्याच्या गोदामातून माल निघताना ते फाडलं जातं. क्लेम तपासणाऱ्याने वरची तारीख उचललेली दिसते. ३ ऑगस्टपासून मोजलं तर पहिला दिवस सोडून सातवा दिवस १० ऑगस्ट येतो. तुम्ही विमा घेतला ११ ला, म्हणजे एका दिवसाने उशीर. ६ ऑगस्टपासून मोजलं तर मुदत १३ तारखेपर्यंत जाते आणि तुम्ही दोन दिवस आधीच आत असता. सगळा क्लेम या तीन दिवसांच्या फरकावर अडकला आहे.

मग खरी तारीख कोणती? हे तुमच्या किंवा माझ्या मतावर ठरत नाही, पॉलिसीवर ठरतं. तुम्हाला मिळालेलं दोन पानांचं प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसी नव्हे, तो तिचा सारांश. तुम्ही जोडलेल्या चोवीस पानी मजकुरात सुरुवातीलाच ‘व्याख्या’ असा भाग आहे. त्यात ‘खरेदी दिनांक’ म्हणजे ‘ज्या बिलावर विमा उतरवलेल्या उपकरणाचा आयएमईआय क्रमांक नोंदलेला आहे, त्या बिलाचा दिनांक’ असं स्वच्छ लिहिलं आहे. ऑर्डरचा उल्लेख त्या व्याख्येत कुठेच नाही. तुमच्या बिलावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे, तो प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळतो आणि त्या बिलाचा दिनांक ६ ऑगस्ट आहे. अपीलचा कणा हाच. फोनवर *#06# दाबा, पडद्यावर येणारा क्रमांक आणि या दोन कागदांवरचे क्रमांक एकच आहेत हे बघून घ्या, आणि त्या पडद्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. एखादा आकडा चुकीचा छापला गेला असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्यायचा. नंतर तेच तिसरं कारण होऊन पुढे येतं.

अनेकांना इथे एक मोह होतो, आणि तुमच्या पत्रातही तो डोकावतो: ‘फोन माझ्या हातात ९ तारखेला आला, मी दोन दिवसांत विमा घेतला.’ माणूस म्हणून हे अगदी पटण्यासारखं आहे, पण अपीलमध्ये याला मुख्य मुद्दा करू नका. व्याख्येत ‘बिलाचा दिनांक’ आहे, ‘ताबा मिळाल्याचा दिनांक’ नाही. तुम्ही ९ तारखेवर भर दिलात तर तुम्ही स्वतःच पॉलिसी बाजूला ठेवून बोलायला लागता, आणि मग कंपनीलाही ३ तारीख धरायला मोकळीक मिळते. पॉलिसीची तारीख तुमच्या बाजूची आहे, तिलाच धरून राहा.

एक आधार मात्र जरूर जोडा. मालविक्री कायदा १९३० मध्ये ‘विक्री’ आणि ‘विक्रीचा करार’ यांत फरक केला आहे. तुम्ही ३ तारखेला ऑर्डर दिलीत तेव्हा तुमच्या वाट्याला कोणता नग येणार हे ठरलेलंच नव्हतं. गोदामात त्याच मॉडेलचे शेकडो डबे असणार. माल निश्चित होईपर्यंत त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही असं त्या कायद्याचं कलम १८ सांगतं. विशिष्ट आयएमईआयचा डबा ६ तारखेला तुमच्या बिलावर चढला. त्याआधी विमा उतरवायला तुमचा असा फोनच नव्हता. हे एका वाक्यात लिहिलं तरी पुरे; अपील म्हणजे काही कोर्टातला युक्तिवाद नव्हे.

समजा तुमच्या पॉलिसीत व्याख्याच नसती, नुसतं ‘खरेदीपासून ७ दिवस’ असतं, तर? तरी रस्ता बंद नव्हता. पॉलिसीचा मसुदा कंपनीचा असतो, ग्राहक त्यातला एक शब्दही बदलू शकत नाही, म्हणून संदिग्ध वाक्याचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षं मानलं आहे. पण पॉलिसीत ‘ऑर्डर दिल्याचा दिनांक’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर मी तुम्हाला दुसरा सल्ला दिला असता. संदिग्धता नसेल तर हे तत्त्व कामाला येत नाही, आणि एका दिवसाचा उशीर हा उशीरच धरला जातो. अशा वेळी हप्त्याचे पैसे परत मागता येतात: जो विमा लागूच होणार नव्हता त्याचा हप्ता घेतलाच कसा?

आता ‘कॉस्मेटिक’. तुमच्या पॉलिसीत भरपाईच्या कलमात ‘बाहेरून, अचानक आणि अपघाताने झालेली स्क्रीनची मोडतोड’ असे शब्द आहेत. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ‘ओरखडे, रंग उडणे, पोचे यांसारखे, उपकरणाच्या कामकाजावर परिणाम न करणारे नुकसान’ आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. कंपनीला दुसरं वाक्य लावायचं असेल तर तुमची तडक ही ओरखड्याच्या जातीची आहे आणि तिचा कामकाजावर परिणाम होत नाही, हे दोन्ही दाखवावं लागेल. आणि दाखवायचं कुणी? कंपनीने. अपवादाच्या कलमाचा आधार घेणाऱ्या विमा कंपनीवरच ते सिद्ध करायची जबाबदारी असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केलं आहे. तुमच्या क्लेमच्या मेसेजमध्ये पुरावा म्हणून काहीच नाही. फोन कुणी हातात घेऊन पाहिला की नुसते अपलोड केलेले फोटो पाहिले, तेही नाही.

तरी आपली बाजू भक्कम करून ठेवू. सर्व्हिस सेंटरने तुम्हाला दिलेल्या जॉबशीटवर फक्त ‘डिस्प्ले बदलणे’ आणि रक्कम आहे. परत जा आणि त्यावर, किंवा वेगळ्या शिक्का मारलेल्या कागदावर, तीन गोष्टी लिहून मागा: काच कुठून कुठपर्यंत तडकली आहे, वरच्या डाव्या भागात टचचा प्रतिसाद अधूनमधून जातो, आणि फोन आधी उघडलेला नाही व आत पाणी गेल्याची खूण नाही. वॉरंटीत काम करायचं नसलं की सेंटरवाले अगदी तत्परतेने ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारतात. ग्राहक त्या शेऱ्यावर चिडतो. विम्यासाठी मात्र तोच शेरा सोन्यासारखा, कारण बिघाड आतला नसून बाहेरून मार लागल्याने झाला आहे हे तो अधिकृत माणसाच्या सहीने सांगतो. तुमच्या जॉबशीटवर तो नसेल तर मागून घ्या.

टचची अडचण दाखवायचा एक सोपा उपाय आहे. ॲण्ड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘पॉइंटर लोकेशन’ नावाची सोय असते. ती चालू केली की बोट फिरवाल तिथे रेघ उमटते. डाव्या कोपऱ्यातून बोट सलग फिरवा. जिथे टच लागत नाही तिथे रेघ तुटते. हे दुसऱ्या फोनने चित्रित करा, म्हणजे तडकही दिसेल आणि तुटलेली रेघही. रेघ तुटली नाही तर तसं दाखवायच्या फंदात पडू नका. तेव्हा तडकलेली काच ही ‘मोडतोड’ आहे, ओरखडा नाही, एवढ्यावरच बोलायचं. तो मुद्दाही स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. खोटं दाखवलेलं उघड झालं तर फसवणुकीच्या कलमाखाली संपूर्ण विमाच जातो. दुकानदाराकडून ‘सोयीच्या तारखेचं’ बिल करून घेण्याचाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. नको. तुमचं खरं बिलच तुमच्या बाजूने आहे.

अपील लिहिण्याआधी एक काम. ९ डिसेंबरचा मेसेज तुम्हाला पाठवला तो विमा विकणाऱ्या प्लॅन कंपनीच्या क्लेम विभागाने. तुमच्या प्रमाणपत्रावर खाली विमा कंपनीचं नाव, तिचा नोंदणी क्रमांक आणि यूआयएन, म्हणजे त्या विमा उत्पादनाचा ओळख क्रमांक, छापला आहे. म्हणजे हा समूह विमा आहे: मुख्य पॉलिसी प्लॅन कंपनीच्या नावे, तुम्ही तिच्यातले एक लाभार्थी. क्लेम नाकारायचा तर विमा कंपनीने नाकारायचा. म्हणून विमा कंपनीला ईमेल करून नामंजुरीचं पत्र कलम क्रमांकासह मागा. हा निव्वळ उपचार नाही. विमा कंपनीला नामंजुरीच्या पत्रात न दिलेली कारणं नंतर सुनावणीत आणता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात म्हटलं आहे. कारणं आज कागदावर आली की उद्या ‘कळवायला उशीर झाला’ किंवा ‘फोन निष्काळजीपणे ठेवला’ असं नवीन काही निघायला वाव कमी राहतो. पत्र आठवड्याभरात आलं नाही तर मेसेजलाच नामंजुरी धरून पुढे जा.

अपील विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने करायचं. त्याचा ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. मजकूर असा चालेल:

> विषय: क्लेम क्र. ____, प्रमाणपत्र क्र. ____, नामंजुरीविरुद्ध अपील
>
> महोदय,
> माझा स्क्रीनच्या मोडतोडीचा क्लेम ९ डिसेंबर रोजी दोन कारणांनी नामंजूर झाला. दोन्ही कारणं पॉलिसीच्या मजकुराशी जुळत नाहीत.
>
> १. खरेदी दिनांक. पॉलिसीतील व्याख्येनुसार खरेदी दिनांक म्हणजे आयएमईआय नोंदलेल्या बिलाचा दिनांक. (मूळ वाक्य, पान क्र. ____) माझ्या बिलाचा दिनांक ६ ऑगस्ट आहे. विमा ११ ऑगस्टला घेतला आहे, म्हणजे ७ दिवसांच्या आत. ३ ऑगस्ट हा ऑर्डरचा दिनांक आहे. त्या दिवशी कोणताही विशिष्ट फोन माझ्या नावे झालेला नव्हता, आणि पॉलिसीच्या व्याख्येत ऑर्डरचा उल्लेख नाही.
>
> २. नुकसानाचं स्वरूप. पॉलिसीत स्क्रीनची अपघाती मोडतोड समाविष्ट आहे. (मूळ वाक्य, पान क्र. ____) वगळलेलं कॉस्मेटिक नुकसान हे कामकाजावर परिणाम न करणारं असावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सोबतच्या अहवालानुसार काच तडकलेली असून टचवर परिणाम झाला आहे. हे नुकसान कॉस्मेटिक ठरवताना आपण कोणती तपासणी केली, त्याची प्रत द्यावी.
>
> दुरुस्तीचं एस्टिमेट ११,८०० रुपये आहे. पॉलिसीनुसार प्रति क्लेम शुल्क ५०० रुपये वजा करून ११,३०० रुपयांचा क्लेम मंजूर करावा.
>
> सोबत: बिल (बिल दिनांक अधोरेखित), प्रमाणपत्र, पॉलिसीची संबंधित पानं, जॉबशीट व अहवाल, आयएमईआयचा फोटो, चित्रफीत.

पॉलिसीची वाक्यं उतरवताना ती ज्या भाषेत छापली आहेत त्याच भाषेत, स्वल्पविरामासकट उतरवा. आपल्या शब्दांत सांगायला गेलं की समोरचा ‘तसं लिहिलेलंच नाही’ म्हणायला मोकळा. पडला कसा, किती वाईट वाटलं, हेल्पलाइनवर किती ताटकळलात, हे या पत्रात नको. रागाची जागा पुढे आहे, सांगतो.

रक्कम मी मुद्दाम ११,३०० लिहिली. तुमच्या पॉलिसीत घसारा फक्त फोन पूर्ण निकामी झाला तर कापतात. स्क्रीनच्या दुरुस्तीवर तो नाही. कुणी ‘क्लेम मंजूर, पण ३० टक्के घसारा कापून’ म्हणालं तर तेच कलम दाखवायचं. बऱ्याच जणांना मंजुरीचा आनंद इतका होतो की कापलेली रक्कम ते बघतच नाहीत, आणि ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही करून बसतात.

विमा कंपनीने तक्रारीचं उत्तर दोन आठवड्यांत द्यायचं असतं. अपील पाठवाल त्याच दिवशी, किंवा उत्तर समाधानकारक नसेल तेव्हा, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाईच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवरही तक्रार नोंदवा आणि टोकन क्रमांक जपून ठेवा. फोनवरून नोंदवायची तर १५५२५५. इर्डाई तुमच्या क्लेमचा निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तरावर लक्ष ठेवते. पण माझा अनुभव असा की तारखेच्या चुकीसारखी सरळ प्रकरणं इथेच सुटतात, कारण आता फाइल हेल्पलाइनच्या टेबलावरून उठून पॉलिसी वाचणाऱ्या माणसाकडे जाते.

अपील फेटाळलं, किंवा तक्रार करून महिना झाला आणि उत्तरच नाही, तर विमा लोकपाल. सातारा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), तक्रार cioins.co.in वर ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. कंपनीने अपील फेटाळल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. सगळे कागद पोहोचल्यावर तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो आणि तो कंपनीला पाळावा लागतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

लोकपालाऐवजी थेट सातारा जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. मुदत दोन वर्षं, आणि भरलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र नाही. आयोगात प्रकरण असेल तर लोकपाल ते ऐकत नाही. मी तुम्हाला आधी लोकपाल सुचवेन, कारण तुमचं प्रकरण दोन कागदांचं आहे आणि तिथे ते लवकर संपेल. मघाशी म्हटलेली रागाची जागा म्हणजे आयोग: मानसिक त्रासाची आणि खर्चाची भरपाई तिथे मागता येते, लोकपाल मात्र प्रत्यक्ष नुकसानापलीकडे जात नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. आपल्या प्रमाणपत्रावर विमा कंपनीचं नाव आणि यूआयएन शोधा. दोन्ही नसतील, आणि ‘प्रोटेक्शन प्लॅन’ किंवा ‘केअर’ असं काही असेल, तर बहुधा तो विमा नसून सेवेचा करार आहे. मग इर्डाई आणि लोकपाल दोघेही हात वर करतील. अशांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि नंतर ग्राहक आयोग हाच रस्ता धरावा. तारखेचा आणि मजकुराचा मुद्दा तिथेही असाच मांडायचा.

आणि फोनचं काय? अपीलचा निकाल लागेपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात काच बदलू नका. पुरावा जातो, आणि ‘अनधिकृत दुरुस्ती’चं कलम लागू होतं. फोनशिवाय अगदीच अडलं तर विमा कंपनीला ईमेल करा, ‘४८ तासांत तपासणी करा, नाहीतर अधिकृत केंद्रात दुरुस्त करून घेतो’ असं कळवा, मग सर्व्हिस सेंटरमध्येच डिस्प्ले बदला, जीएसटीचं बिल घ्या आणि काढलेला फुटका डिस्प्ले मागून घेऊन घरी ठेवा. सेंटरवाले तो स्वतःकडे ठेवतात. आधीच सांगितलं नाहीत तर परत मिळत नाही. बदलण्याआधी फोनमधले फोटो, संपर्क आणि बँकेची ॲप यांची सोय करा, आणि पॉइंटर लोकेशनची ती चित्रफीत काढून ठेवा, कारण नवीन डिस्प्लेवर ती पुन्हा काढता येणार नाही.